गोड काळिमा

गेल्या ऑगस्टमधल्या एका मंगळवारी माझे पत्र वर्तमानपत्रात छापून आले, आणि ते वाचून झाल्यावर मला वाटले की हे दुसऱ्याच कुणीतरी लिहिले असावे. खाली नाव माझे होते, नावापुढे स्वल्पविराम देऊन ‘नागपूर’ असेही होते, म्हणजे चूक होण्याची शक्यता नव्हती. मी पाठवलेले पत्र साधारण चारशे शब्दांचे होते. छापलेले शब्द मी बोट ठेवून मोजले, तेव्हा ते दीडशेही भरले नाहीत. वर ठळक अक्षरांत मथळा होता, ‘कविता संस्कार घडवते’. हे वाक्य मी लिहिले होते हे खरे. पाहुण्याला निघताना सुपारी द्यावी तसे ते मी पत्राच्या शेवटी, निव्वळ रीत म्हणून ठेवले होते. जेवण कुणाच्या पानात पडलेच नाही आणि सुपारी मात्र मथळ्यात गेली, असा काहीसा तो प्रकार होता. चहा समोर निवत गेला, त्यावर साय धरली, आणि मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिले. त्या दिवशी शिक्षक खोलीत चार जणांनी माझे अभिनंदन केले, आणि चौघांनीही तेच वाक्य मला म्हणून दाखवले.

पत्र लिहिण्याचे कारण त्याआधी दहा-बारा दिवसांपूर्वी त्याच सदरात आलेले एका पालकांचे पत्र होते. त्यांची मुलगी नववीत शिकते. चाचणीच्या आदल्या रात्री अकरा वाजता ती एका कवितेचे रसग्रहण पाठ करत होती, मधली एक ओळ तिला आठवत नव्हती आणि त्यासाठी ती रडत होती, असे त्यांनी लिहिले होते. कवितेच्या तासांऐवजी मुलांना अर्ज लिहायला, करारपत्र वाचायला, बँकेचे कागद समजून घ्यायला शिकवावे, अशी त्यांची मागणी होती. शेवटी त्यांनी लिहिले होते की कविता वाचायला त्यांची हरकत नाही. ज्याला आवडते त्याने घरी वाचावी, शाळेने ती शिकवू नये. मला त्या पत्राचा राग आला, पण तो पुरा आला नाही. कारण रात्री अकराचे ते दृश्य मी ओळखत होते. अनेक वर्षे वर्गात उभी राहून फळ्यावर ‘आशयसौंदर्य’, ‘काव्यसौंदर्य’ आणि ‘भाषिक सौंदर्य’ असे तीन मथळे काढून त्याखाली मुलांना वाक्ये सांगणारी मीच होते. मुले ती वहीत उतरवून घेत, आणि त्या वह्या घरोघरी रात्री अकराला उघडत. ज्या शहराने रेशीमबागेतल्या आपल्या मोठ्या सभागृहाला कवीचे नाव दिले, त्या शहरात कवितेविरुद्ध पत्र छापून यावे, हा विरोधाभास मला प्रथम सुचला, आणि तो किती पोकळ आहे हेही लगेच कळले. सभागृहाला नाव देणे फार सोपे असते.

त्या रविवारी दुपारी मी जेवणाच्या टेबलावर कागद घेऊन बसले. बाहेर पाऊस होता. गच्चीवरचा कूलर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवला होता, त्याच्या पत्र्यावर थेंब पडत होते, आणि त्या टपटपीत माझा पहिला मसुदा संमेलनाच्या उद्घाटनाच्या भाषणासारखा होत गेला. संवेदनशीलता, अभिरुची, मातृभाषेचा वारसा हे शब्द एकामागोमाग एक येत गेले. गेली कित्येक वर्षे मुलांना पत्रलेखन शिकवताना मी सांगत आले आहे की विषय एका ओळीत मांडता आला नाही तर पत्र लिहू नये. ते आठवले आणि तो मसुदा मी फाडला. मग ठरवले की कवितेची महती अजिबात सांगायची नाही. एकाच तासिकेत काय घडले तेवढे लिहायचे, आणि ते शिक्षणात मोडते की नाही हे संपादकांवर व वाचकांवर सोडायचे.

ती तासिका बालकवींच्या ‘औदुंबर’ची होती.

ही कविता मी पावसाळ्याच्या सुरुवातीला नववीच्या वर्गात दरवर्षी घेते. एकूण आठ ओळी आहेत. पस्तीस मिनिटांत ती सहा-सात वेळा मोठ्याने वाचता येते आणि तरीही बोलायला वेळ उरतो. धड्याचे तसे होत नाही, धडा संपवण्यातच तीन दिवस जातात. पूर्वी मी हा तास कवीच्या चरित्राने सुरू करत असे. १८९० चा जन्म, आणि १९१८ साली, वयाची २८ वर्षेही पुरी झालेली नसताना, खानदेशातल्या भादली स्थानकाजवळ रेल्वेगाडीखाली आलेला मृत्यू. वर्ग एकदम गप्प होई आणि मला वाटे की आता कवितेला जमीन तयार झाली. पुढे ध्यानात आले की त्या जमिनीत दुसरे काहीच उगवत नाही. कवितेत काळा डोह आला की पन्नासच्या पन्नास मुले ‘मृत्यू’ असे उत्तर देत, आणि एकदा तो शब्द उच्चारला गेला की डोहाकडे पुन्हा कुणी पाहत नसे. त्यामुळे आता मी कवीचे नावसुद्धा शेवटी सांगते. आधी दोनदा नुसते वाचते, मग मुलांनी वाचायचे, आणि मग वहीच्या मागच्या पानावर कवितेत जे आहे तेवढेच चित्रात काढायचे. चित्रकला चांगली असण्याची गरज नाही, रेघा पुरतात. फक्त कवितेत नाही ते काढायचे नाही, एवढा एकच नियम.

यंदा वर्गात बावन्न मुले होती आणि तो नियम जवळजवळ सगळ्यांनी मोडला. कुणी सूर्य काढला, कुणी पक्ष्यांचे दोन-चार उलटे आकडे काढले, एकाने झऱ्यावर पूल बांधला. हे दरवर्षी होते, त्याचे मला नवल नाही. मी पायवाटेची वाट पाहत असते. वर्गातून फिरताना दिसले की बहुतेक वह्यांत ती पांढरी पायवाट टेकडीवरच्या चार घरांच्या दारात जाऊन पोचली होती. मी फळ्यावर दोनच ओळी लिहिल्या: ‘पायवाट पांढरी तयांतुनि अडवी तिडवी पडे, हिरव्या कुरणांमधुनि चालली काळ्या डोहाकडे.’ आणि विचारले, वाट कुठे चालली आहे? काही क्षण शांतता झाली, मग वर्गात खोडरबर सुरू झाले. तो आवाज मला फार आवडतो. पन्नास खोडरबरांचा एकत्र आवाज लांबून पाऊस यावा तसा येतो. मी त्यांना पुसू दिले नाही. चूक तशीच राहू द्या म्हटले, आणि शेजारच्याच्या वहीत पाहा की त्याची वाट कुठे गेली. ज्या दोघातिघांनी वाट डोहाकडे नेली होती त्यांच्याभोवती गर्दी झाली.

मी पत्रात लिहिले होते की पालकांनी मागितलेले करारपत्राचे वाचन ते हेच आहे. वाट असली की ती घराकडेच जाणार, असे मुलांनी कवितेत नसताना गृहीत धरले. उद्या भाडेकराराच्या कागदावरही ती जे लिहिलेले नाही तेच वाचतील आणि सही करतील. आणि घरी एकट्याने वाचणाऱ्या मुलाला ही चूक कधी सापडणारही नाही, कारण त्याला आपली वाट बरोबरच वाटणार. चूक दिसायला शेजारी दुसरी वही लागते. शाळेने कविता का शिकवावी, यावर माझ्याकडे एवढेच उत्तर होते.

त्यानंतर मी बाकावर बोटांनी थाप देऊन ओळी म्हणायला लावते. कवितेची प्रत्येक ओळ आठ मात्रांच्या तीन घरांत बसते आणि शेवटी एक लहानसे शेपूट उरते: ‘ऐल तटावर, पैल तटावर, हिरवाळी घे,’ आणि मग ‘ऊन’. प्रत्येक घराच्या आरंभी एक थाप. ओळीच्या शेवटी शब्द तुटतात, ते बहुतेक ओळींत होते, त्याकडे कुणी लक्ष देत नाही. दुसरी थाप मात्र नेमाने नव्या शब्दावर पडते: पैल, झरा, गाव, दाट, गोड, जळात. दोन वेळा आम्ही पूर्ण कविता अशी म्हटली, आणि तिसऱ्या वेळी मागच्या बाकावरचा, रोज कन्हानहून बसने येणारा एक मुलगा म्हणाला, ‘मॅडम, वाटेच्या लाईनमधे थाप शब्दाच्या पोटात पडते.’ मला आधी कळले नाही. त्याने म्हणून दाखवले: ‘पायवाट पां’, थाप, ‘ढरी तयांतुनि’. पुढच्या ओळीतही तेच: ‘हिरव्या कुरणां’, थाप, ‘मधुनि चालली’. आठ ओळींपैकी दुसरी थाप शब्द फोडते ती फक्त या दोन ओळींत, आणि त्याच दोन ओळी अडव्यातिडव्या पडलेल्या पायवाटेच्या आहेत. बालकवींनी हे योजून केले, असे मी म्हणणार नाही, मला ते माहीत असण्याचे कारण नाही. पण इतकी वर्षे मी ही कविता शिकवते आहे आणि माझ्या हाताला ते लागले नव्हते, त्याच्या लागले. तालाकडे त्याचा कान आहे हे मला ठाऊक होते. गणपतीत ढोल वाजवतो म्हणून दहा दिवस त्याच्या तळहाताला फोड असतात.

त्या तासाला खरी अडचण निर्माण केली ती खिडकीजवळच्या एका मुलीने. तिने विचारले, ‘मॅडम, काळिमा गोड काऊन म्हटला?’ ओळ आहे ‘झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर’. मी विचारले, काळिमा म्हणजे काय? सगळ्या वर्गाला शब्द माहीत होता. माणुसकीला काळिमा, नात्याला काळिमा, शहराच्या नावाला काळिमा, अशी वाक्ये चहूकडून आली. हा शब्द त्यांनी कुठे ऐकला असे विचारल्यावर उत्तर एकच होते: पेपरात. मुलांच्या मनात काळिमा हा फासण्याचा पदार्थ आहे. तो कुणीतरी कुणालातरी लावतो आणि दुसऱ्या दिवशी त्याची बातमी होते. काळिमा म्हणजे मुळात नुसता काळेपणा, दाट काळा रंग, हे त्यांच्या कानावरून कधी गेलेच नव्हते. मग तो रंग पाण्यावर कसा येतो याबद्दल बोललो. मी ‘झाकळुनी’वर थांबले. झाकणे वेगळे आणि झाकळणे वेगळे. भांडे झाकतात, आभाळ झाकळते. कन्हानच्याच मुलाने सांगितले की नदीच्या डोहावर झाडे वाकलेली असतात तिथे भर दुपारी पाणी काळे दिसते आणि बाकी नदीपेक्षा थंड लागते. त्यात उतरायला घरचे मनाई करतात, कारण तळ दिसत नाही. ‘पण मॅडम, तिथंच बरं वाटते,’ तो म्हणाला, आणि मग आपण फार बोललो असे वाटून खाली बसला. खिडकीजवळच्या मुलीने काही वेळ विचार केला आणि वहीत काहीतरी लिहिले. तिचे समाधान झाले की नाही, हे मला कळले नाही. माझे झाले होते.

पत्रातला मधला परिच्छेद या प्रसंगाचा होता. तो इथे जसाच्या तसा देते, कारण छापलेल्या पत्रात त्यातले एक अक्षरही नाही:

‘महोदय, आपल्या वर्तमानपत्रात काळिमा हा शब्द वारंवार येतो आणि माझ्या स्मरणाप्रमाणे तो नेहमी फासलेलाच असतो. यात आपला दोष नाही, कारण ज्या घटनांच्या बातम्या द्याव्या लागतात त्या तशाच असतात. परंतु माझ्या वर्गातील बावन्न मुलांना हा शब्द केवळ आपल्याकडून मिळाला होता, आणि म्हणून तो त्यांना अर्धाच मिळाला होता. एका आठ ओळींच्या कवितेत तो गोड या विशेषणासह आल्यामुळे त्यांना उरलेला अर्धा मिळाला. हे काम अर्जाच्या नमुन्याने किंवा बँकेच्या कागदाने होणार नाही, कारण तिथे शब्दाला एकच अर्थ असावा लागतो आणि तो तसाच असायला हवा. ज्या पालकांनी पत्र लिहिले त्यांची तक्रार खरी आहे, पण ती कवितेविषयी नसून पाठ केलेल्या उत्तरांविषयी आहे. रसग्रहणाच्या उत्तरावरून कवितेचे नाव झाकावे आणि ते दुसऱ्या कोणत्याही कवितेखाली चिकटवून पाहावे. ते तिथेही शोभले, तर त्या मुलाने कविता वाचलेली नाही आणि शिक्षकाने ती शिकवलेली नाही.’

हे आता पुन्हा वाचताना त्यात थोडी ऐट दिसते. तरीही एवढे मी ठामपणे सांगू शकते की हा परिच्छेद दुसऱ्या कोणत्याही विषयावरच्या पत्रात शोभला नसता. छापून आलेला मजकूर मात्र चित्रकला, नाटक, व्यायाम, योगासने यांपैकी कशाच्याही समर्थनार्थ चालला असता. नाव झाकून चिकटवण्याची जी परीक्षा मी मुलांच्या उत्तरांसाठी सांगितली होती, तिच्यात माझे स्वतःचे पत्र नापास झाले होते, तेही माझ्या सहीनिशी.

त्या वर्तमानपत्रात माझा एक जुना विद्यार्थी उपसंपादक आहे. पत्रांचे सदर तो पाहत नाही, तरी दोन दिवस चडफडून झाल्यावर मी त्याला फोन केला. तो फार अदबीने बोलला. ‘मॅडम, त्या दिवशी खाली एक जाहिरात आली, सदराची जागा अर्धी झाली,’ असे त्याने चौकशी करून सांगितले. मी म्हटले, जागा कमी होती तर शेवटचे वाक्य कापायचे होते. तो हसला. ‘तुमचं बरोबर आहे. पण डेस्कवर पहिल्या दिवशी शिकवतात की कापायचं झालं तर उदाहरण कापा, मुद्दा ठेवा.’ यावर मला लगेच काही बोलता आले नाही. बातमीच्या बाबतीत हा नियम शहाणपणाचा असेल, आणि रात्री बाराच्या आत पान सोडायचे असताना कुणी पत्रलेखिकेच्या औदुंबराखाली बसून राहावे, अशी माझी अपेक्षाही नाही. फोन ठेवल्यावर मात्र मला जाणवले की फळ्यावर तीन मथळे काढून मीही वर्षानुवर्षे तेच करत आले होते. झरा, डोह, पायवाट ही सारी उदाहरणे कापायची आणि ‘कवीने निसर्गाचे मनोहारी चित्रण केले आहे’ हा मुद्दा ठेवायचा. दहावीच्या ८० गुणांच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत पद्याला १६ गुण आहेत आणि त्यातले रसग्रहण ४ गुणांचे. त्या चार गुणांसाठी बारा-पंधरा ओळींची जागा असते. माझ्या विद्यार्थ्यांना मिळते तेवढीच जागा मला मिळाली होती.

फोनच्या शेवटी त्याने विचारले, ‘मॅडम, आमच्या वेळी तुम्ही औदुंबर शिकवली होती का?’ मी म्हटले, शिकवली होती. तो काही वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, ‘मला ते रेल्वेचं आठवते फक्त.’

त्या वर्षी मी चरित्राने सुरुवात केली होती.

आता एक गोष्ट राहिली, आणि तिच्यामुळेच हे सगळे मी लिहायला घेतले. पत्र छापून आले त्याच आठवड्यात नववीची घटक चाचणी झाली. पुढच्या वर्षीची सवय व्हावी म्हणून आम्ही तिच्यात दहावीच्या धर्तीवर चार गुणांचे रसग्रहण ठेवतो, आणि त्यासाठी मी ‘औदुंबर’च दिली होती. पेपर तपासायला घरी आणले. संध्याकाळी आभाळ उघडले होते, आणि महाल भागातून परत येताना रस्ताभर ओल्या मातीचा व तळणाचा एकत्र वास येत होता, एवढे आठवते. खिडकीजवळच्या मुलीचे उत्तर निघाले. तिन्ही मथळे होते, अधोरेखित केलेले. ‘सृष्टिसौंदर्याचे विलोभनीय शब्दचित्र’ होते. गोड काळिम्याचा उल्लेख कुठेही नव्हता. जिने तो प्रश्न विचारला होता तिनेच तो उत्तरातून वगळला होता, बहुधा तो विचारला जाण्यासारखा नाही असे तिला वाटले असावे, किंवा शिकवणीत मिळालेल्या नोट्समध्ये तो नव्हता. नाव झाकून मी ते उत्तर मनातल्या मनात तीन वेगवेगळ्या कवितांखाली लावून पाहिले. तिन्हींखाली ते शोभले. गुणदान योजनेप्रमाणे तिला साडेतीन गुण होत होते. मी दिले.

कन्हानच्या मुलाचा पेपर गठ्ठ्याच्या तळाशी होता. मथळे नव्हते. कवीचे नाव नव्हते. पाच-सहा ओळी होत्या, त्यांतही ‘शेतमळा’ शब्द चुकलेला होता. त्याने लिहिले होते: ‘ह्या कवितेत घरे आहेत, शेत आहे, पायवाट आहे, म्हणजे माणसांनी बनवलेले सगळे आहे, पण माणूस एकही नाही. पायवाट कुठून निघाली ते दिलेले नाही. ती डोहाकडे जाते एवढेच आहे. पायवाट ही पायांनी बनते पण कवितेत पाय फक्त झाडाला आहेत.’ आणि खाली, बहुधा वेळ संपत आल्यामुळे घाईने लिहिलेले एक वाक्य: ‘म्हणून तो औदुंबर तिथे कोणाची वाट पाहत नाही.’

मी तो पेपर बाजूला ठेवला आणि उठून खिडकी लावली, मग पुन्हा उघडली. ‘पायवाट’ आणि ‘पाय टाकुनी’ या दोन ओळींच्या आरंभी एकच शब्द आहे, हे मी कधीच पाहिले नव्हते. औदुंबराविषयी आजवर किती मोठ्या माणसांनी किती लिहिले आहे. कुणी त्याला विरक्त म्हटले, कुणी ध्यानस्थ, आणि दत्ताचे झाड म्हणून तर घराघरात त्याला नमस्कार होतो. त्या दिवशी वर्गातही दोन मुलांनी तेच सांगितले होते. हा मुलगा त्यांपैकी कशाच्याही वाटेला गेला नव्हता. तो फक्त ओळी मोजत बसला होता. त्याचे शेवटचे वाक्य मला अजून पुरते कळलेले नाही, आणि ते बरोबर आहे की नाही हेही मी सांगू शकत नाही. मात्र ते दुसऱ्या कुठल्याही कवितेखाली चिकटवता येणार नाही, याची मला खात्री आहे.

गुणदान योजना समोर होती. आशयसौंदर्य, असल्यास. काव्यसौंदर्य, नाही, रस, अलंकार, छंद यांचा उल्लेख नाही. जो मुलगा वर्गात थापेवरून छंद फोडून दाखवतो त्याने पेपरात छंदाचा छ लिहिला नव्हता, कारण त्याला छंद म्हणतात हे त्याला त्या क्षणी सुचले नसणार. भाषिक सौंदर्य, नाही, शिवाय शुद्धलेखन. तपासलेले पेपर पर्यवेक्षकांकडे जातात, नमुना म्हणून काही उघडून पाहिले जातात, आणि एकाला योजनेबाहेर गुण दिले तर उरलेल्या एकावन्न घरांतून विचारणा होते. पुढच्या वर्षी बोर्डाच्या पेपरात असेच लिहिले तर तिथला अनोळखी तपासनीस काय देईल, हाही प्रश्न होता. त्याला आता सावध करणे हेच त्याच्या हिताचे आहे, असे मी स्वतःला समजावले. हे सगळे विचार खरे होते. मी दोन गुण दिले. समासात लाल शाईने ‘मुद्देसूद लिहावे’ असेही लिहिले, कारण हात ते आपोआप लिहितो.

सोमवारी पेपर वाटले. मुले नेहमीप्रमाणे आधी बेरीज तपासत होती आणि अर्ध्या गुणासाठी रांग लावत होती. खिडकीजवळची मुलगी खूश होती. कन्हानच्या मुलाने आकडा पाहिला, समासातला शेरा वाचला, पेपरची उभी घडी घातली, मग आडवी, आणि तो कंपासपेटीत कोंबून झाकण दाबून बसवले. मी त्याला मधल्या सुट्टीत बोलावणार होते. त्या दिवशी मधल्या सुट्टीत मुख्याध्यापकांनी मला बोलावले. शाळेच्या सूचनाफलकावर माझ्या छापील पत्राचे कात्रण लावायचे होते आणि त्यांना माझी परवानगी हवी होती. मथळ्याखाली त्यांनी स्वतः पिवळ्या पेनने रेघ ओढलेली होती. मी हो म्हटले.

पेपर परत केल्यावरचा हा भाग पत्रात नव्हता. पत्र आधीच गेले होते हे खरे. पण तशा चाचण्या मी दरवर्षी तपासते, आणि तसे दोन गुण त्याआधीही दिलेले आहेत. ते डेस्कवर कुणी कापले नाहीत. मीच लिहिले नव्हते.